रुग्णाच्या प्रत्यक्ष आहाराचे मोजमाप

रुग्णाच्या प्रत्यक्ष आहाराचे मोजमाप म्हणजे रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीने दिवसभरात खरोखर किती अन्न पोटात घेतले, हे ठरविण्याची पद्धत होय. या पद्धतीची दोन अंगे आहेत. ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थातून किती उष्मांक व किती प्रथिने मिळू शकतात हे काढणे, म्हणजे *उष्मांक-गणना*. आणि जेवणानंतर ताटात काय व किती उरले हे पाहून नोंदविणे, म्हणजे *उष्टे-निरीक्षण*. पहिल्या अंगाने रुग्णाला काय दिले हे कळते, दुसऱ्याने त्यातून काय वजा करायचे हे कळते. भूक मंदावलेल्या रुग्णाच्या बाबतीत या दोन आकड्यांतील अंतर फार मोठे असू शकते, आणि नेमके तेच अंतर केसपेपरवरील ‘जेवण घेतले’ या दोन शब्दांत नाहीसे होते.

आहारशास्त्रात उष्मांक किलोकॅलरीत मोजतात. बोलताना त्यालाच नुसते ‘कॅलरी’ म्हणतात. या लेखात ‘उष्मांक’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

## ‘उष्टे’ आणि ‘उरलेले’

मराठीत या दोन शब्दांत स्पष्ट भेद आहे व तो येथे उपयोगी पडतो. स्वयंपाकघरात न वाढता शिल्लक राहिलेले अन्न ते उरलेले. ताटात वाढल्यावर जेवणाऱ्याने टाकलेले ते उष्टे. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचा हिशेब पहिल्याचा असतो, रुग्णाच्या पोषणाचा हिशेब दुसऱ्याचा. उष्ट्याभोवती मात्र आपल्याकडे विटाळाची भावना आहे. उष्टे ताट शक्य तितक्या लवकर उचलावे, त्याकडे पाहू नये, ही शिस्त घरात योग्यच. परंतु वॉर्डात तीच शिस्त पुरावा पुसून टाकते. मावशी ताट उचलून नेतात, परिचारिका तासाभराने नोंद करायला येते आणि रुग्णाला विचारते, “आजी, जेवलात ना?” आजी “हो” म्हणतात. त्यांनी चार घास खाल्लेले असतात, त्यामुळे ते खोटेही नसते.

## पार्श्वभूमी

रुग्णाने किती खाल्ले याकडे लक्ष देणे हे शुश्रूषेचे काम आहे, हा विचार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात रुग्णाच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. न खाल्लेले अन्न रुग्ण नंतर खाईल या आशेने त्याच्या उशाशी तसेच ठेवले, तर त्याची उरलीसुरली वासनाही जाते, असे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले आहे. १९७४ मध्ये अमेरिकन वैद्य चार्ल्स बटरवर्थ यांनी रुग्णालयातच घडणाऱ्या कुपोषणावर एक गाजलेला लेख लिहिला. रुग्णाची उंची व वजन न नोंदविणे, तो किती खातो हे न पाहणे आणि तपासण्यांसाठी त्याची जेवणे चुकविणे, हे त्यांनी दाखविलेले दोष आजही ओळखीचे वाटतात.

ताटाकडे पाहून अंदाज करण्याची रीत मात्र प्रथम शाळांमधून तपासली गेली. १९८१ मध्ये कॉमस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शालेय भोजनातील उष्ट्याची डोळ्यांनी केलेली प्रतवारी आणि प्रत्यक्ष वजन यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांची सहा पायऱ्यांची श्रेणी पुढे रुग्णालयांतही वापरली गेली. २००६ पासून ‘न्यूट्रिशन डे’ या नावाने अनेक देशांतील रुग्णालयांत एका ठराविक दिवशी रुग्णांच्या जेवणाची पाहणी होऊ लागली. त्या पहिल्या पाहणीत, दुपारच्या जेवणाचा पाव हिस्सा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांमध्ये पुढील महिनाभरातील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. कमी खाणे हे मृत्यूचे कारण की गंभीर आजाराचे लक्षण, हे अशा पाहणीतून पूर्णपणे सिद्ध होत नाही. तथापि रिकामे न झालेले ताट ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

## वाढलेल्या अन्नाचा हिशेब

गणनेचा आरंभ स्वयंपाकघरात होतो. भारतीय पदार्थांतील पोषकांचे तक्ते हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केले आहेत. परंतु ते मुख्यतः कच्च्या जिन्नसांचे आहेत. म्हणून पातेल्यात किती कच्चा जिन्नस पडला, शिजून एकूण किती पदार्थ झाला आणि एका वाटीत त्याचा किती भाग आला, हे आधी काढावे लागते. उदाहरणार्थ, ५ किलो तूरडाळीचे ३० लिटर वरण झाले आणि वाटी १५० मिलिलिटरची असली, तर एका वाटीत २५ ग्रॅम डाळ येते. तिच्यातून सुमारे ८५ उष्मांक व ५ ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. फोडणीचे तेल धरले की वाटीला सुमारे १०० उष्मांक होतात.

येथेच पहिली चूक शिरते. दुपारी अचानक रुग्ण वाढले आणि त्याच वरणात पाणी घालून ते ४५ लिटर केले, तर वाटी तेवढीच भरलेली दिसते, पण तिच्यातील डाळ १७ ग्रॅमांच्या आसपास उतरते. तक्त्यात १०० लिहिलेलेच राहते आणि रुग्णाने वाटी पूर्ण संपविली तरी त्याला तिच्यातील दोन-तृतीयांशच मिळालेले असते. वरण, खीर, पेज, ताक यांसारख्या पातळ पदार्थांची घनता म्हणूनच अधूनमधून स्वयंपाकघरात जाऊन पाहावी लागते. भात, खिचडी, उपमा यांच्या बाबतीत प्रश्न डावाचा असतो. एक वाढणारा डाव शिगोशीग भरतो, दुसरा सपाट. एकाच जेवणाची तीन ताटे तराजूवर ठेवून त्यांची सरासरी काढली, तर त्या वॉर्डापुरते प्रमाण ठरविता येते; प्रत्येक रुग्णाचे ताट रोज तोलण्याची गरज राहत नाही.

## उष्टे पाहण्याची रीत

सर्वांत अचूक रीत वजनाची: वाढण्यापूर्वी व जेवणानंतर प्रत्येक पदार्थ वेगळा तोलणे. संशोधनात ती वापरतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात ती शक्य नसते, शिवाय भातात कालवलेले वरण पुन्हा वेगळे करून तोलता येत नाही. म्हणून रोजच्या कामात डोळ्यांनी अंदाज करतात. काहीच खाल्ले नाही, पाव खाल्ले, अर्धे, पाऊण आणि सर्व, अशा पाच पायऱ्या सामान्यतः पुरेशा होतात. पाव-अर्धा-पाऊण हे माप मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असल्याने त्याचे वेगळे प्रशिक्षण फारसे द्यावे लागत नाही. कॉमस्टॉक यांच्या श्रेणीत ‘जेमतेम एक घास खाल्ला’ अशी आणखी एक पायरी आहे. अगदी कमी खाणाऱ्या रुग्णासाठी ती ठेवणे चांगले, नाहीतर एका घासाचा ‘पाव’ होतो.

अंदाज प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र करावा, संपूर्ण ताटाचा करू नये. हा या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. भात व पातळ भाजी ताटात जास्त जागा व्यापतात, परंतु प्रथिने वरणाच्या छोट्या वाटीत किंवा एका अंड्यात असतात. भात संपला आणि अंडे तसेच राहिले, तर ‘बरेचसे जेवण झाले’ असे डोळा सांगतो. प्रथिनांचा हिशेब नेमके उलटे सांगतो.

नोंद होईपर्यंत ताट हलू नये, ही दुसरी अट. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत ज्यांना जेवताना मदत लागते अशा रुग्णांना लाल रंगाचे ताट देतात. ते ताट पाहिल्याशिवाय उचलायचे नाही, असा संकेत असतो. आपल्याकडे खाटेवर ठळक कागद लावून मावशींना व वॉर्डबॉयला विश्वासात घेतले, तरी तेच साधते. केळ्याची साल, कोंबडीची वा माशाची हाडे, शेवग्याच्या शेंगांचे चोथे हे उष्ट्यात धरू नयेत. वाढलेल्या अन्नाच्या हिशेबातही ते आधीच वगळलेले असावे लागतात.

## ताट रिकामे, पोटही रिकामे

उष्टे पाहून उत्तर मिळते, पण ते रुग्णाचेच उत्तर आहे याची खात्री वेगळी करावी लागते. ‘अन्न टाकू नये’ या संस्कारामुळे रुग्णाने ठेवलेली पोळी सोबतीला बसलेली लेक किंवा नातू खातो. दूध तांब्यात ओतून ‘मग घेईन’ म्हणून ठेवले जाते आणि रात्री फेकले जाते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला अंडे दिले जाते. याच्या उलटही घडते: रुग्णालयाचे ताट अस्पर्श परत जाते आणि रुग्ण मात्र घरून आलेल्या डब्यातील मऊ भात खातो. म्हणून ताटाशेजारी एक साधा कागद ठेवून डबा, चहा, बिस्किटे, शहाळे, फळे हे सारे नातेवाइकांकडूनच लिहून घ्यावे. विचारताना सूर चौकशीचा नसावा. “त्यांनी ठेवलेलं कुणी खाल्लं का?” असे सरळ विचारले तर लोक संकोचतात, “ताई, तुम्ही जेवलात की त्यांच्याच ताटातलं घेतलंत?” या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

सलाईनविषयीचा गैरसमजही याच हिशेबात येतो. ‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोटाला आधार आहे’ असे अनेक घरांतून मानले जाते. साध्या सलाईनमध्ये पाणी व मीठ असते, उष्मांक शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते व तिच्यातून सुमारे ८५ उष्मांक मिळतात, म्हणजे एका मध्यम पोळीहूनही कमी. प्रथिने दोन्हींत नसतात.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण स्पष्टीकरणासाठी रचलेले आहे. ७० वर्षांच्या एका स्त्रीवर खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आहे. वजन ४४ किलो. शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवसापासून ‘भूक नाही’ ही तक्रार आहे. केसपेपरवर मात्र तिन्ही वेळा ‘जेवण घेतले’ अशी नोंद आहे. दर किलो वजनामागे ३० उष्मांक व १.२ ग्रॅम प्रथिने धरली, तर तिची दिवसाची गरज सुमारे १३२० उष्मांक व ५३ ग्रॅम प्रथिने इतकी होते. स्वयंपाकघरातून तिला १६२० उष्मांक व ५३ ग्रॅम प्रथिनांचे अन्न मिळते. कागदावर काहीच कमी नाही.

पहिल्या दिवसाचे निरीक्षण असे:

| पदार्थ | वाढलेले उष्मांक | वाढलेली प्रथिने (ग्रॅम) | किती खाल्ले | मिळालेले उष्मांक | मिळालेली प्रथिने (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|
| सकाळचा चहा | ७० | १.५ | सर्व | ७० | १.५ |
| उपमा | २०० | ५ | अर्धा | १०० | २.५ |
| उकडलेले अंडे | ७० | ६ | नाही | ० | ० |
| दूध | १०० | ५ | अर्धे | ५० | २.५ |
| दोन पोळ्या | २०० | ६ | पाव | ५० | १.५ |
| भात | १४० | ३ | अर्धा | ७० | १.५ |
| वरण | १०० | ५ | पाव | २५ | १.२५ |
| भाजी (दुपार) | ७० | १ | नाही | ० | ० |
| दही | ६० | ३ | सर्व | ६० | ३ |
| संध्याकाळचा चहा | ७० | १.५ | सर्व | ७० | १.५ |
| केळे | ९० | १ | नाही | ० | ० |
| खिचडी | २८० | ९ | पाव | ७० | २.२५ |
| भाजी (रात्र) | ७० | १ | नाही | ० | ० |
| रात्रीचे दूध | १०० | ५ | सर्व | १०० | ५ |
| एकूण | १६२० | ५३ | | ६६५ | २२.५ |

गरजेच्या तुलनेत उष्मांक निम्मे आणि प्रथिने निम्म्याहूनही कमी. केळ्याची नोंद पाहण्यासारखी आहे. ताटात फक्त साल होती, त्यामुळे ‘सर्व खाल्ले’ असेच लिहिले गेले असते. विचारल्यावर ते नातवाने खाल्ल्याचे कळले. दुपारच्या जेवणाकडे एकत्रित पाहिले असते तर ‘अर्धे जेवण’ म्हणून २८५ उष्मांक धरले गेले असते; पदार्थवार हिशेबात ते २०५ च निघतात. मिळालेल्या उष्मांकांपैकी १४० केवळ दोन वेळच्या चहाचे आहेत, आणि त्यांतला मोठा भाग साखरेचा.

एका दिवसावरून निर्णय करू नये, कारण रुग्णालयातील दिवस सारखे नसतात. या रुग्णाला दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी दुपारपर्यंत उपाशी ठेवले. त्या दिवशीची बेरीज ४८० उष्मांक व १४ ग्रॅम प्रथिने झाली. तिसऱ्या दिवशी घरून मऊ भात व वरण आले आणि बेरीज ७७० व २७ वर गेली. तीन दिवसांची सरासरी सुमारे ६४० उष्मांक व २१ ग्रॅम प्रथिने, म्हणजे गरजेच्या अनुक्रमे ४८ व ४० टक्के. रोजची तूट जवळजवळ ६८० उष्मांक व ३२ ग्रॅम प्रथिनांची आहे. पोषणधोका ठरविणाऱ्या ‘एनआरएस-२००२’ या मापनपद्धतीत गेल्या आठवड्यातील आहार गरजेच्या ५० ते ७५ टक्के असल्यास एक गुण आणि त्याखाली उतरल्यास त्याहून अधिक गुण दिले जातात. येथे अजून पुरा आठवडा झालेला नाही, परंतु आहार असाच राहिला तर रुग्ण दुसऱ्या गटात जाईल. ‘जेवण घेतले’ या नोंदीवरून आहारासाठी तिला एकही गुण मिळाला नसता.

## उष्टे काय सांगते

हिशेबाइतकाच उपयोग उष्ट्याच्या स्वरूपाचा होतो. वरील तक्त्यात पूर्ण संपलेले पदार्थ चहा, दही व दूध हे आहेत. टाकलेले पदार्थ मुख्यतः पोळी व भाजी. जे चावावे लागते ते मागे राहिले आहे. भूक मुळातच गेली असती तर सर्वच पदार्थ थोडेथोडे राहिले असते. अशा वेळी प्रथम तोंडात पाहावे. या उदाहरणातील रुग्णाची कवळी शस्त्रक्रियेपूर्वी काढून कापसात गुंडाळली होती आणि घरी परत गेलेल्या पिशवीत राहिली होती. अंड्याचे कारण वेगळेच निघाले: तो गुरुवार होता व ती त्या दिवशी अंडे खात नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते खाल्ले.

इतर आकृतिबंधही ओळखता येतात. ताटाची एकच बाजू रिकामी आणि दुसरी अस्पर्श असेल, तर पक्षाघाताच्या रुग्णाला त्या बाजूचे दिसत नसण्याची किंवा तिचे भान नसण्याची शक्यता असते. पातळ पदार्थ टाकून घट्ट खाल्ले असतील आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करावी. झाकणही न उघडलेले ताट म्हणजे बहुधा रुग्ण झोपेत होता, वेदनेत होता किंवा त्याचा हात ताटापर्यंत पोहोचत नव्हता. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे आणि भूक वाढविण्याचे औषध त्यांपैकी कशाचाच उपाय नाही.

उदाहरणातील रुग्णाला कवळी आणून दिली. पोळीऐवजी दुधात कुस्करलेली पोळी व मऊ खिचडी ठेवली. दोन्ही वेळच्या दुधात २० ग्रॅम साय काढलेली दूधपावडर मिसळली, त्यामुळे दर पेल्यामागे सुमारे ७० उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने वाढली, पण पेला मोठा झाला नाही. कमी खाणाऱ्याला अधिक वाढणे हा उपाय नसून तेवढ्याच घासात अधिक भरणे हा उपाय असतो. भरगच्च ताट पाहूनच अनेकांची वासना उडते. उपाय लागू पडला की नाही हे ठरविण्यासाठी पुन्हा तीन दिवस गणना करावी. बेरीज वाढली नाही, तर पूरक पेये किंवा नळीवाटे आहार यांचा विचार वैद्य व आहारतज्ज्ञ करतात. अनेक दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या रुग्णाला मात्र तूट एकदम भरून देणे धोक्याचे असते. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम अचानक घटून हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवितात.

## मर्यादा

या पद्धतीतून मिळणारा आकडा हा अंदाज असतो. ६४० याचा अर्थ ‘सहाशे ते सातशेच्या दरम्यान’ एवढाच घ्यावा. काही पदार्थांत अंदाज वर जातो, काहींत खाली, आणि दिवसाच्या बेरजेत ते बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात. परंतु पातळ झालेले वरण, न लिहिलेला डबा किंवा नातवाने खाल्लेले केळे यांसारख्या एकाच दिशेच्या चुका कितीही दिवस मोजले तरी छेदल्या जात नाहीत. दोन व्यक्तींनी एकच ताट वेगवेगळे पाहून नोंदी ताडून पाहिल्या, तर पाहणाऱ्याचा कल लक्षात येतो.

पोटात गेलेले अन्न अंगी लागलेच, असेही या गणनेवरून कळत नाही. जेवणानंतर लगेच उलटी झाली असेल तर ती वेळेसह नोंदवावी व ते जेवण हिशेबात धरू नये. जुलाब असतील तर बेरजेवर विसंबून राहता येत नाही. वजनाचा काटा येथे साक्षीदार म्हणून घ्यावा, पण तोही जपून. पायांवर सूज असलेल्या किंवा सलाईन चाललेल्या रुग्णाचे वजन पाण्यामुळे टिकून राहते, क्वचित वाढतेही, आणि त्याखाली स्नायू झिजत असतात. अशा रुग्णात काटा स्थिर दिसत असूनही ताट अर्धे परत जात असेल, तर ताटावर विश्वास ठेवावा.